मदत हवी आहे: थीम अद्ययावत केल्यावर पूर्ण बॅकअप परत लावला आणि सोळा तासांच्या ऑर्डरी गेल्या

मयेकाठ

नमस्कार. मी डिचोलीत राहते आणि गेली चार वर्षे लहान व्यावसायिकांची वर्डप्रेस संकेतस्थळे दुरुस्त करून देते. म्हापशाच्या एका काजू व कोकम विक्रेत्याचे वूकॉमर्सवरील दुकान गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. आधीच्या माणसाने सशुल्क थीमच्या मूळ फाइलींतच बदल करून ठेवले होते. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे चेकआउटवर गिऱ्हाइकाने तालुका निवडला की घरपोच शुल्क बदलते. हे बदल मूळ थीममध्ये आहेत हे मी आधी तपासले नाही. मंगळवारी दुपारी साडेचारला थीम अद्ययावत केली आणि तालुक्याची निवड नाहीशी झाली. दुकानदारांचा फोन आला तेव्हा मी घाबरून पहाटे दोनचा पूर्ण बॅकअप, म्हणजे फाइली आणि डेटाबेस दोन्ही, संध्याकाळी सहाच्या सुमारास परत लावला. संकेतस्थळ पूर्ववत दिसू लागले, पण त्या सोळा तासांत आलेल्या सात ऑर्डरी गेल्या. त्यांपैकी चारांचे पैसे ऑनलाइन भरले गेले आहेत आणि तीन घरपोच रोखीच्या आहेत.

बुधवारी सकाळी आणखी एक गोष्ट घडली, जिचा उलगडा मला होत नाही. नवीन आलेल्या ऑर्डरीला 5815 हा क्रमांक मिळाला, आणि पेमेंट गेटवेच्या यादीत 5815 याच क्रमांकावर मंगळवारची वेगळ्याच गिऱ्हाइकाची रक्कमही दिसते.

माझे प्रश्न असे आहेत. गेलेल्या ऑर्डरी सुरक्षितपणे परत कशा नोंदवाव्यात? आधीच्या माणसाचे बदल न गमावता थीम अद्ययावत कशी करावी? आणि या कामाचे पैसे कसे आकारावेत? मी "अद्ययावत करणे व किरकोळ दुरुस्ती" म्हणून 3,000 रुपये सांगितले होते आणि आजपर्यंत चौदा तास गेले आहेत.

तेरेखोल

यावर उपाय सोपा आहे. चाइल्ड थीम तयार करा, मूळ थीमची functions.php जशीच्या तशी तिच्यात उतरवा आणि मग मूळ थीम खुशाल अद्ययावत करा. बदल चाइल्ड थीममध्ये राहिल्यामुळे पुढच्या वेळी पुसले जाणार नाहीत. तेवढाही वेळ नसेल तर मूळ थीमच्या style.css मधला आवृत्ती क्रमांक 99 करून ठेवा, म्हणजे अद्ययावत करण्याची सूचनाच येणार नाही. मी दोन संकेतस्थळांवर असेच केले आहे.

बोरीपूल

तेरेखोल यांचा चाइल्ड थीमचा सल्ला बरोबर आहे, परंतु functions.php पूर्ण उतरवण्याचा नाही. इतर टेम्पलेट फाइलींच्या बाबतीत चाइल्ड थीममधली फाइल मूळ फाइलीची जागा घेते, functions.php च्या बाबतीत मात्र तसे होत नाही. तेथे आधी चाइल्डची आणि मग मूळ थीमची अशा दोन्ही फाइली चालतात. एकच फंक्शन दोन्हीकडे असले की "Cannot redeclare" असा संदेश नोंदला जाऊन संकेतस्थळ बंद पडते. म्हणून आधीच्या माणसाने स्वतः घातलेल्या ओळी तेवढ्याच चाइल्डमध्ये न्यायच्या. आवृत्ती 99 केल्याने सूचना थांबते हे खरे, पण तिच्याबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, आणि पैसे स्वीकारणाऱ्या दुकानात ही गोष्ट मी तरी करणार नाही.

मयेकाठ, थीमच्या आधी ऑर्डरींचे पाहा, कारण तेथे दर तासाला गुंता वाढतो आहे. डेटाबेस परत लावला की wp_posts चा क्रमांक-गणकही पहाटे दोनच्या जागी परत जातो. त्यामुळे गेलेल्या ऑर्डरींचे क्रमांक नव्या ऑर्डरींना पुन्हा दिले जात आहेत. गेटवेकडून मंगळवारच्या एखाद्या रकमेची सूचना उशिरा आली, किंवा कोणी परतावा मागितला, तर ती नोंद बुधवारच्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीला चिकटू शकते. आत्ताच्या डेटाबेसची एक प्रत आधी उतरवून घ्या, मग phpMyAdmin मध्ये गणक पुढे ढकला:

```sql
ALTER TABLE wp_posts AUTO_INCREMENT = 7000;
```

तुमच्या सारणीच्या नावाचा उपसर्ग wp_ नसेल तर तेवढा बदला. ऑर्डरी वूकॉमर्सच्या नव्या स्वतंत्र सारण्यांत साठत असल्या तरी क्रमांक येथूनच घेतला जातो, म्हणून दोन्ही प्रकारांत हे चालते.

त्यानंतर दुकानदारांच्या मेलपेटीत मंगळवारचे "नवीन ऑर्डर" मेल शोधा. रोखीच्या तीन ऑर्डरींचा पुरावा बहुधा तेवढाच असेल. त्यात माल, पत्ता आणि फोन क्रमांक सर्व असते. प्रत्येक ऑर्डर हाताने नोंदवा आणि ऑनलाइन चारांच्या टिपणात गेटवेचा व्यवहार क्रमांक लिहा. ऑर्डर "Processing" केली की साठा आपोआप कमी होतो, आणि ते आवश्यकच आहे, कारण बॅकअपमुळे साठाही पहाटेचा झाला आहे. मात्र त्याच क्षणी गिऱ्हाइकाला नव्या क्रमांकाचा मेलही जातो, तेव्हा दुकानदारांना आधी सातही जणांना फोन करू द्या.

पुढच्यासाठी एक गोष्ट सांगतो. तुमचा बिघाड केवळ फाइलींत होता. बॅकअपमधून फक्त `wp-content/themes` मधले त्या थीमचे फोल्डर परत ठेवले असते तर डेटाबेसला हात लागला नसता. प्लगइनच्या बाबतीत इतके सरळ नसते. वूकॉमर्ससारखे प्लगइन अद्ययावत होताना डेटाबेसही बदलते, आणि मग नुसत्या जुन्या फाइली परत ठेवल्या तर दोन्हींचा मेळ बसत नाही.

काणकोणची_पडवी

मी तंत्रज्ञ नाही, आमचा काणकोणला लहानसा होमस्टे आहे, पण बॅकअपवर चर्चा चालली आहे म्हणून लिहिते. आम्ही एका गृहस्थांना वर्षाला 12,000 रुपये देत होतो आणि त्यात "रोजचा बॅकअप" लिहिलेला होता. पावसाळ्यात होस्टिंगचे नूतनीकरण राहून गेले आणि खाते बंद झाले, तेव्हा कळले की सगळे बॅकअप त्याच खात्यात होते. दोन वर्षांची छायाचित्रे आणि पाहुण्यांचे अभिप्राय गेले. माझ्यासारख्या माणसाला बॅकअप आहे की नाही हे पाहता येत नाही. तेव्हा तुम्ही दर ठरवाल त्यात बॅकअप कुठे ठेवता आणि तो परत लावून पाहिला आहे का, हेही लिहून द्या. मी त्यासाठी जास्त पैसे दिले असते. मयेकाठताई, तुमच्याकडे होस्टिंग कोणाच्या नावावर असते?

मयेकाठ

ताई, होस्टिंग आणि डोमेन दोन्ही ग्राहकाच्याच नावावर असतात. मी फक्त प्रवेश घेते. बॅकअप मात्र माझ्याकडेही आजवर त्याच होस्टिंगवर होता, हे मान्य करायला हवे.

बोरीपूल, गणक पुढे ढकलला आणि आजची ऑर्डर 7000 पासून सुरू झाली. सातही मेल सापडले आणि ऑर्डरी नोंदवून झाल्या. आता थीमचे अडले आहे. आधीच्या माणसाने नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या हे कळण्यासाठी त्याच आवृत्तीची अस्पर्श प्रत हवी. थीम सशुल्क आहे, परवाना त्याच्या खात्यावर आहे आणि तो फोन उचलत नाही. दुकानदारांनी नवा परवाना घेतला, पण तेथे फक्त नवी आवृत्ती मिळते. जुनी बदललेली प्रत नव्या आवृत्तीशी ताडून पाहिली तर शेकडो फरक दिसतात, आणि त्यांतले कोणते थीम बनवणाऱ्यांचे व कोणते त्याचे, हे ओळखता येत नाही.

तेरेखोल

जुनी आवृत्ती फुकट देणारी संकेतस्थळे आहेत, तेथे शोधून पाहिली का?

बोरीपूल

तेथून घेऊ नका. अशा प्रतींत परका कोड घुसवलेला असतो, आणि जी प्रत अस्पर्श आहे याची खात्री हवी तिच्याविषयीच शंका राहिली तर ताडण्यात अर्थ उरत नाही. नव्या परवान्याच्या आधारे विक्रेत्याकडे जुनी आवृत्ती लेखी मागा, पुष्कळदा देतात.

तोवर दुसरी वाट आहे. पहाटेचा बॅकअप संगणकावर उघडा आणि थीमच्या फोल्डरमधल्या फाइली शेवटच्या बदलाच्या तारखेनुसार लावा. थीम एकदम चढवली जाते, म्हणून बहुतेक फाइलींवर एकच दिवस असतो. हाताने बदललेल्या फाइली नंतरच्या तारखांनी वेगळ्या दिसतात. संकेतस्थळ मध्यंतरी दुसऱ्या होस्टिंगवर हलवले असेल तर मात्र सगळ्या तारखा सारख्या झालेल्या असू शकतात.

चाइल्ड थीमच्या style.css मध्ये "Template" पुढे मूळ फोल्डरचे नाव अक्षरशः तेच हवे:

```css
/*
Theme Name: Dukan Child
Template: dukan
*/
```

चाइल्ड सुरू केल्यावर लोगो आणि रंग गेलेले दिसतील. ते पुसले गेलेले नसतात. त्या निवडी थीमच्या फोल्डरच्या नावाने साठवलेल्या असतात आणि चाइल्डचे नाव वेगळे असते. हे सर्व आधी स्टेजिंगवर करा, आणि तेथे मेल व गेटवे बंद ठेवायला विसरू नका, अन्यथा खऱ्या गिऱ्हाइकांना खोटे मेल जातील.

दराविषयी माझी पद्धत सांगतो. दुसऱ्याने केलेले संकेतस्थळ मी तपासणीशिवाय घेत नाही. तपासणीचे 4,000 रुपये वेगळे घेतो आणि मूळ थीममध्ये हात घातला आहे का, हे लेखी देतो. वर्डप्रेसच्या अधिकृत साठ्यातल्या प्लगइनसाठी `wp plugin verify-checksums --all` ही आज्ञा बदललेल्या फाइली दाखवते; थीमसाठी तशी सोय नाही, ते हातानेच पाहावे लागते. पुढे महिन्याला 2,500 रुपये, त्यात स्टेजिंगवर तपासून अद्ययावत करणे, दुकानाच्या डेटाबेसची दर तासाला व फाइलींची रोज वेगळ्या ठिकाणी प्रत, दर तीन महिन्यांनी बॅकअप परत लावून पाहणे आणि एक तास किरकोळ दुरुस्ती. त्यापुढे तासाला 900.

तुमच्या चौदा तासांपैकी ऑर्डरी परत आणण्याचे तास मी आकारले नसते, कारण डेटाबेस परत लावण्याचा निर्णय तुमचा होता. चाइल्ड थीमचे तास आकारावेत, कारण ते दुखणे तुमच्या येण्याआधीचे आहे.

तेरेखोल

दराबाबत माझे मत वेगळे आहे. दुकानदाराला चाइल्ड थीम आणि मूळ थीम यांतला फरक दिसत नाही. मंगळवारपर्यंत दुकान चालत होते आणि तुम्ही हात लावल्यावर बंद पडले, एवढेच त्याला दिसते. पहिल्या कामात सगळे पोटात घालावे आणि पुढच्या महिन्यापासून करार करावा. म्हापशाच्या बाजारात एकाची तक्रार दहाजणांपर्यंत पोहोचते. आणि महिन्याला 2,500 देणारे दुकानदार मला तरी फारसे भेटलेले नाहीत.

मयेकाठ

तारखांची युक्ती लागू पडली. थीमच्या 212 फाइलींपैकी 209 वर एकच दिवस आहे आणि तीन वेगळ्या आहेत. functions.php मध्ये अगदी तळाशी तालुक्यांची यादी आणि शुल्काच्या 38 ओळी सलग सापडल्या. त्या चाइल्डमध्ये नेल्यावर स्टेजिंगवर सत्तरी निवडले की शुल्क बरोबर बदलते. footer.php मध्ये फक्त दुकानाचा पत्ता होता. तिसरी फाइल वूकॉमर्सच्या चेकआउटचे टेम्पलेट आहे, आणि तिच्यात काय बदलले आहे हे नुसते वाचून मला कळत नाही. विक्रेत्याला जुन्या आवृत्तीसाठी काल लिहिले आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत प्रत्यक्ष दुकानात थीम अद्ययावत करणार नाही.

पैशांबाबत उद्या दुकानदारांशी बोलणार आहे. ऑर्डरींचे तास सोडून देईन, एवढे ठरले आहे. चाइल्ड थीमचे सहा तास मांडावेत की नाही याचा निर्णय अजून होत नाही. ज्यांनी दुसऱ्याचे बिघडलेले काम पुढे नेले आहे त्यांनी पहिल्या देयकात त्याचा उल्लेख नेमका कसा केला, हे कळले तर उपयोग होईल.