पावतीवरचे ‘3 दिवस’ नेमके कुठले? कुरियरचे अनुभव लिहा

गुरुवारी संध्याकाळी 6:40 ला मूळ कागदपत्रांचं पाकीट दुसऱ्या शहरातल्या भावाला कुरियर केलं. त्याला ते सोमवारी सकाळी हवं होतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "तीन दिवस." मी बोटं मोजली: शुक्र, शनि, रवि. रविवारी कुणी येणार नाही हे मलाही कळत होतं, पण मग शनिवारीच येईल असं मनाशी धरून चालले. (का धरलं, विचारू नका.)

पाकीट मिळालं मंगळवारी दुपारी. तक्रार केली तर उत्तर आलं, "मॅडम, एक दिवस आधीच पोचलंय." पावती पुन्हा वाचली. बारीक अक्षरात '3 कामकाजाचे दिवस' लिहिलेलं होतं. शिवाय पिकअपची गाडी 5 वाजताच निघून गेलेली, त्यामुळे माझं पाकीट शुक्रवारचं धरलं. शुक्रवार म्हणजे शून्य. शनि-रवि सुट्टी. सोम एक, मंगळ दोन, बुध तीन. त्यांचा हिशेब चोख!

खरा संताप पुढेच आहे. ट्रॅकिंगनुसार पाकीट शनिवारी पहाटे 4 वाजताच भावाच्या शहरात पोचलं होतं. प्रवास एका रात्रीचा, मुक्काम तीन दिवसांचा. तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा.

रविवारवाला: सोपं आहे हो. कामकाजाचे दिवस म्हणजे रविवार वगळून. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

खोकी_आणि_पट्टी: एवढ्यावर भागत नाही. एका कंपनीचा शनिवार कामाचा, दुसरीचा नाही. एकदा माझं पार्सल निघालं त्या दिवशी इकडे सगळं चालू होतं, पण तिकडे स्थानिक सुट्टी. सुट्टी पोचवायच्या गावची बघायची, हे मी त्या दिवशी शिकलो.

मी पुस्तकं विकतो, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खातो. मी लिहितो 'दोन दिवसांत रवाना, पुढे चार दिवस', आणि गिऱ्हाईक फक्त 'चार दिवस' वाचतं. त्यात शुक्रवारी रात्री लेबल काढलं की त्यांना लगेच मेसेज जातो आणि त्यांना वाटतं पार्सल निघालं. ते तर माझ्या टेबलावर असतं! सोमवारी माणूस येऊन पहिला स्कॅन करतो, तिथून दिवस सुरू.

रात्रपाळी: सहा वर्षं हबमध्ये होतो. गाड्यांना रविवार नसतो. मुख्य मार्गावरचा ट्रक सुट्टीच्या रात्रीही धावतो, सॉर्टिंगही चालतं. सुट्टी असते ती शेवटच्या टप्प्याला, म्हणजे शाखा आणि घरोघर देणारी मुलं. म्हणून ट्रान्झिटचे दिवस आणि कामाचे दिवस जुळत नाहीत.

ताई, तुमच्या पाकिटाचं बहुधा असं झालं असेल. छोटी पाकिटं एका मोठ्या पिशवीत भरून सील करतात. पिशवी हबला आली की पिशवीचाच बारकोड स्कॅन होतो आणि आतल्या सगळ्यांच्या ट्रॅकिंगवर 'पोचले' दिसतं. तुमचं पाकीट तेव्हा कुणी डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. पिशवी फुटते शाखेत, सोमवारी. शनिवारी फोन करून "मी येऊन घेऊन जातो" म्हटलं तरी सीलबंद पिशव्यांच्या ढिगातून कोण शोधणार? ट्रॅकिंगवर शाखेच्या नावाने वेगळी नोंद दिसली तरच जाण्यात अर्थ. नुसतं शहराचं नाव दिसलं तर खेप फुकट जाते.

चहाबाज: माझा मिक्सर फुटून आला होता. भरपाई किती दिवसांत मिळते?

खोकी_आणि_पट्टी: तो वेगळा विषय आहे, पण खोक्याचे फोटो काढले असतील तर जपून ठेवा.

निळी_शाई: माझं उलटं. मोठं खोकं रस्त्याने पाठवलं, '5 दिवस ट्रान्झिट'. रविवार धरून बरोबर पाचव्या दिवशी दारात माणूस. दार बंद होतं, तो परत गेला. त्यांच्या लेखी काम वेळेत झालं! पुढचा प्रयत्न दोन दिवसांनी.

धागाकर्ती: @रात्रपाळी, म्हणजे 'ट्रान्झिट' लिहिलं असेल तर रविवार धरायचा?

रात्रपाळी: आमच्याकडे धरत नव्हते. कोष्टकात 'ट्रान्झिट' लिहायचे आणि खाली तळटीप, 'कामकाजाचे दिवस'. दुसरीकडे धरतातही. म्हणून मी घरचं पार्सल टाकताना दिवस विचारतच नाही. "आज टाकलं तर कुठल्या तारखेला दारात?" असं विचारतो आणि ती तारीख पावतीवर लिहून घेतो.

रविवारवाला: लिहून देतात?

रात्रपाळी: दहातले चार देतात. बाकीचे म्हणतात, सिस्टीममध्ये बघा.