रंगकामाचे पैसे परत आले (सोसायटी ग्रुप, मांजलपूर, बडोदा)

सुलभाताई, बी-३०२: रंगकामाचे १२,००० एनईएफटीने टाकले होते, परत आले. कारण दाखवतंय ‘इनव्हॅलिड आयएफएससी’. कुणाला अजून असं झालंय का?

जोशीकाका, खजिनदार: कोड कुठून घेतलात ताई?

सुलभाताई: २०१७च्या पावतीवरून. BKDN0 ने सुरू होतो.

जोशीकाका: तिथेच गडबड आहे. तो देना बँकेचा कोड. १ एप्रिल २०१९ला देना आणि विजया बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, आणि १ मार्च २०२१पासून त्यांचे जुने कोड बंद. आता सुरुवात BARB ने.

निखिल, ए-४०४: म्हणजे BKDN खोडून BARB लिहायचं, झालं!

जोशीकाका: नाही रे बाबा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. ती सहाही बदलली. आणि आपल्या सोसायटीचा खाते क्रमांकही बदललाय, आता १४ आकडी आहे. पावतीवरचं काहीच वापरू नका.

निखिल: मी मांजलपूर टाकून शोधत होतो...

जोशीकाका: एरियावरून अंदाज नकोच. ही बँक १९०८ सालापासून बडोद्यातली, इथे तिच्या शाखांना काय तोटा! सोसायटीच्या चालू चेकबुकात शाखेच्या पत्त्याजवळ कोड छापलेला आहे. वैशाली, रद्द केलेल्या चेकचा फोटो टाकतेस का इथे?

वैशाली, सेक्रेटरी: 📷 टाकला. खालच्या पट्टीतला ९ आकडी नंबर घेऊ नका हं, तो एमआयसीआर.

जोशीकाका: आता हाच कोड रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आयएफएससी शोधून ताडून बघा. शाखेचं नाव-पत्ता चेकवरच्याशी जुळायला हवा.

सुलभाताई: कोड ११ अक्षरांचाच आहे. पण पाचवं मला ओ वाटतंय.

जोशीकाका: शून्यच. ओ टाकलात तर पुन्हा हाच मेसेज. आणि आधी पासबुकात १२,००० जमा झाल्याची नोंद दिसतेय ना? नुसत्या मेसेजवर दुसऱ्यांदा पाठवू नका. एनईएफटी अडली तर समोरच्या बँकेने बॅच संपल्यापासून दोन तासांत पैसे परत करायचे असतात.

सुलभाताई: हो, जमा दिसतायत.

जोशीकाका: मग ॲपमधला जुना पेयी डिलीट करा, नव्याने जोडा. नाव दाखवायची सोय असेल तर सोसायटीचंच नाव येतंय ना बघा. नव्या पेयीला काही तास मर्यादा लागू शकते, घाबरू नका. आधी १ रुपया पाठवा.

सुलभाताई: काका, गेला. तुमच्याकडे दिसतोय का?

जोशीकाका: आला. आता ११,९९९ पाठवा आणि रिमार्कमध्ये बी-३०२ लिहा. मागच्या महिन्यात दोन निनावी जमा नोंदी कुणाच्या ते मला अजून कळलेलं नाही. ज्यांच्या असतील त्यांनी कृपया सांगावं 🙏