मदत हवी आहे : रंगकाम झाल्यावर शैली बदलल्यास ग्राहकाला काय लिहावे?

सोलापुरी चादरीच्या एका कारखान्यासाठी मी चित्रफीत करत आहे. एकूण ६४ क्लिपांपैकी ४१ क्लिपांचे ग्रेडिंग त्यांनीच मंजूर केलेल्या उबदार, पिवळसर छटेत पूर्ण झाले असताना त्यांना आता थंड, निळसर छटा हवी आहे. ‘फक्त फिल्टर बदला’ असे ते म्हणतात (हे वाक्य आपणा सर्वांच्या परिचयाचे असेल).

मी पुढील मजकूर लिहिला आहे :

“साहेब, २४ साध्या क्लिपांची छटा अर्ध्या दिवसात बदलता येईल. उरलेल्या १७ क्लिपांमध्ये मात्र चादरीचा लाल रंग वेगळा निवडून उठावदार केला आहे. निळी छटा त्या निवडीच्या आधी दिल्यास मूळ लालच बदलतो, निवड तुटते आणि चादरीच्या कडा लुकलुकू लागतात. नंतर दिल्यास निवड टिकते, परंतु लाल रंग मळकट दिसतो. म्हणून या क्लिपा नव्याने कराव्या लागतील व त्यास दोन दिवस अधिक लागतील.”

यंत्रमागाचा धोटा धावतो त्या क्लिपची दोन्ही रूपे सोबत पाठवावीत का? आणि वाढीव मोबदल्याचा उल्लेख याच संदेशात करावा की त्यांनी छटा पक्की केल्यावर? अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.