मदत हवी आहे: एक पायरी वरच्या पदासाठी अर्ज करावा का?

चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी सहा वर्षे गुणवत्ता विभागात असून माझे पद वरिष्ठ अभियंता आहे. दुसरीकडे सहायक व्यवस्थापकाची जागा निघाली आहे. तिथे आठ वर्षे आणि माणसे सांभाळल्याचा अनुभव मागितला आहे. आमचे व्यवस्थापक पाच महिने रजेवर असताना ग्राहकांच्या तक्रारींचे ८डी अहवाल आणि चार निरीक्षकांच्या पाळ्या मीच पाहिल्या, परंतु त्याचे लेखी पत्र नाही. रेझ्युमेत आधी ‘प्रभारी व्यवस्थापक’ लिहिले होते, पण अनुभवपत्राशी ते जुळणार नाही म्हणून खोडले, आणि आता उरली आहे ती नुसती कामांची यादी. पद तेच ठेवून त्याखाली या पाच महिन्यांची जबाबदारी स्वतंत्र ओळीत, तक्रारींच्या आकड्यासह लिहिली तर चालेल का, आणि दोन वर्षे कमी असताना अर्ज करावा का?