अनुभव धागा: ऑफरला उत्तर काय लिहिलं होतं?

हिंगणघाटचा काका
काल रात्री पुतण्या मोबाइल घेऊन ओट्यावर आला. पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं होतं. त्यानं उत्तर लिहून ठेवलं होतं: 'थँक्यू सर, ऑफर मंजूर आहे.' वाचलं आणि 2014 साली बुटीबोरीच्या एका कारखान्याला मी पाठवलेला मेल आठवला. तोही एवढाच होता. वर्षाचा आकडा मी बारानं भागला, आईला तेवढा पगार सांगितला, आणि पहिला पगार साडेचार हजारांनी कमी आला. त्याच महिन्यात बहिणीची फी होती.

म्हणून काल पोराला शेवटच्या पानावरचा तक्ता उघडायला लावला. वर्षाचे 3,60,000, म्हणजे महिन्याचे 30,000. पण कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटी 722 त्या तीस हजारांतच धरलेले. उरले 27,478. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 25,478. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तेवढे शंभर आणखी कमी. मेलमध्ये लिहिलं की तक्त्याप्रमाणे पगार मान्य आहे, हातात दरमहा 25,478 येतील असा माझा हिशोब आहे, तो बरोबर आहे का ते कळवावं.

तारखेचंही तसंच. त्यांनी 1 डिसेंबर दिली, पण सध्याच्या नोकरीत नोटीस 30 दिवसांची. 15 डिसेंबर मागितली. तुम्ही सगळ्यांनी काय लिहिलं होतं? सांगा.

यवतमाळची लेक
माझं तर नावातच अडकलं होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग बाबांचं नाव. आधारवर लग्नानंतरचं नाव. पॅनवर माहेरचं. कागदं पाठवली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, ही तीन माणसं कोण? विवाह नोंदणीचा दाखला नव्हताच काढलेला, तो काढण्यात दोन आठवडे गेले, रुजू व्हायची तारीख पुढे ढकलावी लागली. पोराचं नाव बघून घ्या आधी.

शेतातून
काका अभिनंदन 💐 कापूस वेचणी चालू आहे, संध्याकाळी वाचतो सगळं.

अकोलेकर भाऊ
पीएफ काऊन कापू देता बाप्पा? फॉर्म 11 भरून द्यायचा, पीएफ नको म्हणायचं, 1,800 हातात. माझ्या मित्रानं तसंच केलं.

नागपूर, पगार विभाग
भाऊ, मित्राचं खरं असेल, पण तो आधी कधीच पीएफचा सभासद नसेल आणि त्याचं बेसिक 15,000 च्या वर असेल. काकांचा पुतण्या आधीच नोकरीत आहे. त्याचा पीएफ तिथं कापला जात असेल तर त्याला बाहेर राहता येत नाही. फॉर्म 11 त्यानं भरायचाच, पण जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, लिहायला. तो लिहिला नाही तर दुसरा नंबर निघू शकतो आणि मग जुनी रक्कम इकडे आणताना दमछाक होते.

काका, मेल चांगला झाला. एक वाक्य वाढवा. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशी किंवा त्यानंतरच मिळतं, आणि कंपन्या ते पहिल्या दिवसाच्या आधी मागतात. म्हणून लिहा की सध्या राजीनामा स्वीकारल्याचा मेल जोडतो, रिलीव्हिंग लेटर अमुक तारखेपर्यंत देतो. मी रोज ही कागदं तपासते. जो आधी कळवतो त्याला आम्ही मुदत देतो. जो गप्प राहतो त्याची फाइल अडते. मूळ गुणपत्रिका मात्र फक्त दाखवायच्या, ठेवून घ्यायला द्यायच्या नाहीत. अनामत रक्कम मागितली तर थांबा आणि कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करा.

हिंगणघाटचा काका
यूएएनचं डोक्यातच नव्हतं ताई. पण राजीनामा आज द्यायचा की 15 तारीख मान्य झाल्याचं उत्तर आल्यावर? पोट्टा म्हणतो आज देतो.

नागपूर, पगार विभाग
मी तर लेखी उत्तर आल्यावरच द्या म्हणेन.

अकोलेकर भाऊ
मी उलट सांगतो. उत्तराची वाट पाहता पाहता चार दिवस गेले की नोटीस तेवढी पुढे सरकते, मग 15 पण हुकते.

यवतमाळची लेक
दोघांचंही बरोबर वाटतं. आज सकाळीच पुण्याच्या कंपनीत फोन करून मेलचं उत्तर मागा ना.

वर्ध्याची मावशी
पुण्यात खोली पाहिली का पोराची? आमचा मोठा तिकडेच आहे. बँकेच्या रद्द केलेल्या चेकवर त्याचं नाव छापलेलं नव्हतं, तेव्हा पासबुकाचं पहिलं पान चाललं होतं.

हिंगणघाटचा काका
खोली नाही पाहिली मावशी. पासबुक तालुक्याच्या शाखेतून छापून आणायचं आहे, उद्या बाजार आहे, तिकडेच जातो. मुलाचा नंबर मला खाजगीत पाठवा.