दुपारी दर उतरवावा का? बारा मशीनच्या कॅफेचा प्रश्न

बारामशीन:
छोटा गेमिंग कॅफे आहे, बारा मशीन. सोमवार ते शुक्रवार दुपारी १२ ते ४ जेमतेम दोन मशीन चालू असतात. संध्याकाळी ६ ते १० मात्र बसायला जागा नसते. सध्याचा तासाचा दर १०० धरा. दुपारी तो ६० करावा असं डोक्यात आहे. एक तास मशीन चालली की वीज आणि माऊस-हेडसेटची झीज धरून १५ जातात. करू का?

झटपट:
यात विचारायचं काय? रिकामी खुर्ची शून्य देते. भाडं, इंटरनेट, गल्ल्यावरच्या पोराचा पगार तुम्ही तसाही भरताय. ६० मधून १५ गेले की ४५ हातात, ते फुकटचेच. आजपासून बोर्ड लावा.

हिशोबनीस:
खुर्चीचं बरोबर आहे, दुपारी तीनचा रिकामा तास चार वाजता विकता येत नाही. पण ते ४५ फुकटचे नाहीत, कारण दुपारी आज जे दोघे येतात त्यांनाही तुम्ही सूट देणार आहात.

दोन मशीन, चार तास, म्हणजे रोज ८ तास विकले जातात. एका तासामागे ८५ सुटतात, दुपारचे ६८०. दर ६० केला की तासामागे ४५ उरतात. तेवढेच ६८० मिळवायला १५ हून थोडे जास्त तास विकावे लागतील. म्हणजे गिऱ्हाईक जवळजवळ दुप्पट झालं तरी तुम्ही जिथे होता तिथेच.

खरी गोम पुढे आहे. समजा १६ तास भरले, पण त्यातले ३ तास संध्याकाळच्याच पोरांनी स्वस्त म्हणून दुपारी उरकले. दुपारचे झाले ७२०. संध्याकाळच्या त्या तीन जागा रिकाम्या राहिल्या तर तिथले २५५ गेले. उरले ४६५, म्हणजे आजच्यापेक्षा २१५ कमी. त्याच तीन जागांवर दारातून परत जाणारे तिघे बसले तर मात्र संध्याकाळचं काहीच जात नाही आणि रोज ४० वर राहतात.

तेव्हा दुपारचं नंतर बघू. संध्याकाळी रोज किती जण जागा नाही म्हणून परत जातात, हा आकडा तुमच्याकडे आहे का? तो नसेल तर ६० काय आणि ७० काय, अंधारात दगड मारणं आहे.

कंदील:
आमच्याकडेही हाच घोळ झाला होता. नवीन मीटर बसल्यावर संध्याकाळच्या युनिटला जास्त दर लागला आणि बिल पाहून घाम फुटला. मोठी मशीनं दुपारी चालवा, संध्याकाळी एसी २६ वर ठेवा.

बारामशीन:
दादा, विजेच्या दराबद्दल नाही, गिऱ्हाइकाला लावायच्या दराबद्दल विचारतोय. एसीचं लक्षात ठेवतो.
हिशोबनीस, परत जाणारे मोजलेले नाहीत. ‘बरेच जातात’ एवढंच सांगू शकतो.

पाचवागडी:
मी खेळणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. आमची पाच जणांची टीम आहे, व्हॅलोरंट खेळतो. संध्याकाळी कॅफेत गेलो की दोन जागा इथे, एक कोपऱ्यात, उरलेले दोघे उभे. मग आम्ही निघतोच. दुपारी पाच मशीन शेजारी-शेजारी मिळणार असतील तर आम्ही पूर्ण दर देऊ. तुम्ही स्वस्त तास विकायला निघालात, आम्हाला हवी आहे एक अख्खी रांग.

आणि दर बदलण्याची वेळ नीट ठरवा. आमच्या जवळच्या एका कॅफेत चारच्या ठोक्याला स्वस्त वेळ संपली आणि मशीन आपोआप लॉक झाली. मॅच १०-१० वर होती. मध्येच बाहेर पडलं की रँक्डमध्ये दंड बसतो, तो पाचही जणांना भोवला. त्या कॅफेत आम्ही पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

हिशोबनीस:
ही चूक सगळीकडे होते. बिलिंगमध्ये दोन पर्याय असतात: बसताना जो दर होता तोच शेवटपर्यंत, किंवा मिनिटागणिक त्या-त्या वेळेचा दर. पहिला ठेवला की पोरं ३:५५ ला बसून आठ वाजता उठतात. दुसराच ठेवा, पण दहा मिनिटं आधी स्क्रीनवर सूचना येऊ द्या आणि चालू मॅचसाठी अर्धा तास जुना दर सोडा. दुपारचं पॅक विकणार असाल तर त्यातले तास संध्याकाळी चालता कामा नयेत. नाहीतर सगळे दुपारच्या भावात पॅक घेऊन संध्याकाळीच येतील.

तिसरीघंटा:
मी शाळेत शिकवते, म्हणून माझा विरोध आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारी १२ ते ४ मुलं कुठे असतात? वर्गात. तुमची दुपार रिकामी आहे ती १०० जास्त वाटतात म्हणून नाही, मुलांना वेळ नाही म्हणून. भाव उतरवून वेळ तयार होत नाही, दांडी मात्र तयार होते. गणवेशावर शर्ट चढवून आलेली दोन मुलं एकदा सापडली, की पालक दर बघत नाहीत, थेट कॅफे बंद करायला येतात.

झटपट:
मॅडम, तेवढ्यासाठी धंदाच करायचा नाही का? ओळखपत्र बघा, अठराच्या आतल्याला दुपारी प्रवेश नाही, विषय संपला. रात्रपाळीवाले दुपारी मोकळे असतात, कॉलेजची पोरं दोन लेक्चरच्या मध्ये मोकळी असतात.
बरं, सूट नको तर उलटं करा. दुपार १०० च ठेवा, संध्याकाळ १२० करा. जागाच नसते म्हणता ना?

हिशोबनीस:
दांडीच्या मुद्द्यावर मी मॅडमच्या बाजूने आहे. वेळ नसलेल्याला सूट देऊन काही होत नाही. रात्रपाळीवाले पुरेसे निघतील का, हे कॅफे कुठल्या भागात आहे त्यावर आहे.

१२० चं गणित सरळ आहे, माणसांचं नाही. १९८६ साली कानेमन, नेच आणि थेलर यांनी लोकांना विचारलं होतं: बर्फाचं वादळ आलं आणि दुकानदाराने दुसऱ्या दिवशी फावड्याचा भाव वाढवला, हे योग्य का? ८२ टक्के लोक म्हणाले, अन्याय आहे. रोजच्या पोराला ‘गर्दीचा दर’ दिसला की तो तसाच चिडतो. वाढवायचाच असेल तर पुढच्या दरवाढीच्या वेळी मूळ दरच ११० करा आणि दुपारी सूट दाखवा.

झटपट:
असहमत. फावडं आणि गेम एक नाही. सिनेमाच्या सकाळच्या खेळाला कोण चिडतं?

हिशोबनीस:
तिथे स्वस्त खेळाची सवय आधीपासून आहे. इथे सवय १०० ची आहे.

बारामशीन:
दोन आठवड्यांनी परत आलो. गल्ल्यावर वही ठेवली होती. दहा दिवसांत संध्याकाळी ३१ जण परत गेले. मला वाटलं होतं त्याच्या निम्मेसुद्धा नाहीत. त्यातले २० हे पाच-पाचच्या चार टोळक्यांतले, आणि त्या चारही वेळी दोन-तीन मशीन रिकामी होती. एकट्याने येऊन परत गेलेले फक्त ११, म्हणजे दिवसाला एक.

६० चा बेत सोडला. सहा मशीनची मागची रांग दुपारी फोनवर राखून द्यायची, दर १०० च, किमान दोन तास, अठराच्या वरच्यांनाच. सोमवारपासून सुरू करतोय.

तिसरीघंटा:
शाळेला सुट्ट्या लागल्या की तुमची दुपार तशीही भरेल, तेव्हा रांग अडवून ठेवाल का?

बारामशीन:
नाही, सुट्टीत राखीव बंद. अठराची अटसुद्धा तेव्हा काढेन बहुतेक.

पाचवागडी:
त्या चार टोळक्यांना दुपारी वेळ असतो का, हे विचारलंत?

बारामशीन:
नाही विचारलं. वहीत फक्त आकडे आहेत, फोन नंबर नाहीत.