मदत हवी आहे: ऑफिसनंतर डोक्याला काम देणारे सर्किटचे किंवा प्रोग्रामिंगचे गेम सुचवा

वाघोलीकर

नमस्कार मंडळी. मी गेली तेरा वर्षं बॅकएंडला आहे, बहुतेक जावा. हल्ली दिवस मीटिंगांत, दुसऱ्यांचा कोड तपासण्यात आणि कॉन्फिगच्या फायली जुळवण्यात जातो. खरा विचार करावा लागेल असं काम आठवड्यातून एखाद्या वेळी मिळतं. रात्री साडेनऊला मुलगी झोपली की तासभर हाताशी असतो. तो सिरीजवर घालवायचा कंटाळा आलाय.

आधी टीआयएस-१०० घेतला. बारा छोट्या खोल्या, प्रत्येकीत जास्तीत जास्त पंधरा ओळींचं असेंब्ली, आणि शेजारच्या खोलीला आकडे द्यायचे. पहिली चार-पाच कोडी मनापासून आवडली. मग एका कोड्यात दोन खोल्या एकमेकींना आकडा द्यायला निघाल्या आणि दोघीही तिथेच थांबल्या, कारण घ्यायला कुणीच मोकळं नव्हतं. त्याच दिवशी ऑफिसात मी पाच तास डेडलॉकच शोधत होतो. लॅपटॉप मिटला तो मिटलाच.

आता ब्राउझरमध्ये nandgame.com खेळतोय. हातात फक्त नँड गेट, त्यातून सगळं बांधायचं. नॉट, अँड, ऑर झाले. एक्सॉरला मात्र अडकलोय. माझं सर्किट चालतं, पण ६ नँड लागतात: ऑरचे ३, एक सुटा नँड, आणि त्या दोघांना जोडणाऱ्या अँडचे २. गेम सांगतो की याहून कमीत होतं. तीन रात्री गेल्या. सरळ उत्तर नको, दिशा दाखवा.

दुसरं म्हणजे यानंतर काय खेळू? लॅपटॉप सात वर्षं जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पैसे द्यायला हरकत नाही.

आईची_शाळा

मुलीसाठी विचारताय ना? माझा मुलगा सातवीत आहे, त्याला स्क्रॅच लावून दिलंय. मांजराला नाचवून झालं, आता तो रोज "पुढे काय" विचारतो. मलाही कुणीतरी सुचवा.

वाघोलीकर

ताई, मी माझ्यासाठीच विचारतोय, मुलगी अजून चार वर्षांची आहे. पण तुमच्या मुलासाठीही कुणी सांगितलं तर उत्तमच.

जुना_इलेक्ट्रॉनिक्सवाला

एक्सॉर म्हणजे "A आहे पण B नाही" किंवा "B आहे पण A नाही". दोन नॉट, त्यांचे दोन नँड, शेवटी एक नँड. झाले ५. आम्हाला डिप्लोमाला हेच होतं. ५ च्या खाली जात नाही, त्यामुळे उगाच रात्री जाळू नका.

आणि टीआयएस-१०० सोडू नका असं माझं मत. खरं असेंब्ली त्यातूनच कळतं.

सिलिकॉनवाली

काका, ५ पर्यंतची तुमची वाट बरोबर आहे, पण ४ मध्ये होतं. वाघोलीकर, तुम्हाला उत्तर नको आहे म्हणून एवढंच सांगते. काकांचं ५ नँडचं सर्किट वहीत काढा. त्यात वरच्या नँडच्या एका पायावर A आहे आणि दुसऱ्यावर "B नाही". आता A शून्य असताना त्या दुसऱ्या पायावर काय आहे याने काही बिघडतं का? बिघडत नसेल, तर तिथे नेमकं "B नाही" हेच यायला हवं असं कुठाय? फक्त A एक असतानाच ते बरोबर असलं की पुरे. असं वागणारं, आणि खालच्या नँडलाही चालेल असं एकच गेट शोधा.

टीआयएस-१०० बद्दल मात्र काकांशी माझं जुळत नाही. त्यातली भाषा त्या गेमसाठीच बनवलेली आहे. एक हिशेबाचा रजिस्टर, त्याच्या मागे एक राखीव, गुणाकार नाही, आणि आकडे फक्त -९९९ ते ९९९. खरा गाभा असेंब्लीत नाही, शेजाऱ्याने आकडा घेईपर्यंत थांबून राहण्यात आहे. म्हणजे जो प्रश्न तुम्ही दिवसभर सोडवता तोच. गेम चांगलाच आहे, पण तुमच्या रात्रीसाठी नाही.

सर्किटमध्ये "आधी हे, मग ते" असं काही नसतं. सगळी गेटं एकाच वेळी चालू असतात. कोड लिहिणाऱ्याला सुरुवातीला हेच जड जातं आणि विसावाही त्यातच मिळतो, कारण दिवसभराची सवय तिथे कामाला येत नाही.

आईची_शाळा, मुलासाठी ह्यूमन रिसोर्स मशीन बघा. एक माणूस पट्ट्यावरून वस्तू उचलून दुसऱ्या पट्ट्यावर ठेवतो, त्याला मोजक्याच आज्ञा द्यायच्या. सातवीतल्या मुलाला सुरुवातीचा अर्धा भाग आरामात जमेल, पुढे तुम्हाला सोबत बसावं लागेल.

मांडवीकाठ

मी पणजीहून. माझं उदाहरण सांगते, त्यातून काय घ्यायचं ते घ्या. मी फॅक्टोरिओतल्या सर्किटांत शिरले. टाकीत तेल किती आहे ते बघून पंप चालू-बंद करायचा, एवढ्यापासून सुरुवात झाली. दोन महिन्यांनी रात्री दोन वाजता दिवे विझवून पडले तरी डोक्यात लाल-हिरव्या तारा फिरत होत्या. त्यात कोडं संपत नाही, कारखाना वाढतच राहतो. तासभरच असेल तर ज्यात एक पायरी संपली की थांबता येतं असंच घ्या.

वाघोलीकर

सिलिकॉनवाली ताई, सापडलं! तुमचा प्रश्न वाचून वहीत चार ओळी मांडल्या. A एक असताना NAND(A, B) म्हणजे बरोबर "B नाही". A शून्य असताना तो १ देतो, पण तेव्हा वरच्या नँडला दुसऱ्या पायाशी देणंघेणंच नाही. खालच्या बाजूलाही तसंच. म्हणजे दोन नॉटच्या जागी एकच नँड, आणि तो दोघांनी वाटून घ्यायचा.

```
n   = NAND(a, b)
p   = NAND(a, n)
q   = NAND(b, n)
out = NAND(p, q)
```

दोन्ही ० असतील तर n, p, q तिन्ही १, म्हणून उत्तर ०. दोन्ही १ असतील तर n शून्य, त्यामुळे p आणि q परत १, उत्तर ०. एकच १ असेल तर p किंवा q पैकी एक पडतो आणि उत्तर १. गेमनेही सांगितलं की याहून साधं होत नाही. कित्येक दिवसांत इतका आनंद झाला नव्हता.

जुना_इलेक्ट्रॉनिक्सवाला

मीही वहीत चारही ओळी तपासल्या. बरोबर आहे, मान्य. पण मग आम्हाला ५ का शिकवले?

सिलिकॉनवाली

काका, तुमच्याकडे जी मांडणी शिकवतात ती प्रत्येक पद वेगळं बांधते. दोन पदांनी एकच गेट वाटून घ्यायचं हे त्या पद्धतीला दिसतच नाही. ते डोळ्यांनीच शोधावं लागतं.

वाघोलीकर, हीच नजर फुल ॲडरला लागेल. दोन हाफ ॲडर आणि एक ऑर असा जोडलात तर १३ नँड होतात. प्रत्येक हाफ ॲडरमध्ये एक्सॉरचे ४ आणि कॅरी सुलटा करायला एक नॉट, म्हणजे ५ आणि ५, वर ऑरचे ३. आता बघा: ऑर बनवताना तुम्ही सगळ्यात आधी दोन्ही इनपुट उलटे करता. म्हणजे कॅरी आधी सुलटा केला आणि लगेच परत उलटा केला. ही चार गेटं फुकट गेली. एक्सॉरमधला तो पहिला n दोन्हीकडून थेट घ्या, शेवटी एकच नँड लावा. ९ मध्ये होतं.

पुढच्या प्रश्नाचं उत्तर: नँडगेममध्ये लॅचपर्यंत जा, मग ट्युरिंग कम्प्लीट घ्या. तो २०२१ मध्ये स्टीमवर अपूर्ण अवस्थेतच विक्रीला आला. नँडपासून सुरू होतो आणि शेवटी आपणच बांधलेल्या प्रोसेसरवर आपणच प्रोग्राम लिहायचा असतो. पहिल्या प्रोसेसरची आज्ञा ८ बिटांची. त्यातले वरचे २ बिट आज्ञेचा प्रकार सांगतात, म्हणून थेट आकडा द्यायचा तर ६ बिट उरतात, आणि ० ते ६३ एवढंच लिहिता येतं. १०० हवा असेल तर दोन आकडे घेऊन बेरीज करावी लागते. जावात कधी न जाणवलेली अडचण तिथे हाताला लागते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिथे अडकाल. नँडगेममध्ये लॅच करताना बाहेर आलेली तार परत आत जोडता येते. ट्युरिंग कम्प्लीटमध्ये तसं केलंत तर तो वर्तुळ झालं म्हणून अडवतो. तिथे मध्ये विलंबाचा एक भाग टाकावा लागतो, आणि "मागच्या ठोक्याला काय होतं" तेच स्मृती बनतं. तुमचं चुकलं असं समजून तिथे रात्र घालवू नका, ही त्या गेमची मर्यादा आहे. खऱ्या चिपमध्ये असं वर्तुळ असतं.

मांडवीकाठ

हा माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का? मला तारा दोन रंगांतच नको आहेत आता.

सिलिकॉनवाली

माझ्या नवऱ्याच्या साध्या लॅपटॉपवर सुरुवातीचे टप्पे छान चालतात. मोठा प्रोसेसर बांधून वेग वाढवला की पंखा जोरात फिरतो. तुमच्या मशीनचं मला सांगता येणार नाही. स्टीमवर दोन तासांच्या आत आणि दोन आठवड्यांच्या आत परत करता येतो, तेव्हा घेऊन बघा.

वाघोलीकर

फुल ॲडर ९ मध्ये झाला, काल रात्री साडेदहाला. मग राहवलं नाही आणि ट्युरिंग कम्प्लीटही घेतला.

आता नवा पेच. तो गेटांची संख्या आणि विलंब असे दोन आकडे दाखवतो. ८ बिटांच्या बेरजेत मी फुल ॲडर एकापुढे एक लावले. गेटं कमी लागली, पण कॅरी प्रत्येक टप्प्यावर दोन नँड पार करत शेवटपर्यंत जातो, म्हणून विलंब मोठा दिसतो. कॅरी आधीच काढून ठेवला तर विलंब कमी होतो, गेटं वाढतात. कोणता आकडा धरून पुढे जाऊ?

सिलिकॉनवाली

पहिल्या फेरीत कोणताच नाही. चालणारं सर्किट घेऊन पुढे जा. प्रोसेसर पूर्ण झाल्यावर मागे वळून बघाल तेव्हा नेमका कुठे वेळ जातोय ते दिसेल. आत्ता बेरीज सुधारलीत आणि नंतर वेळ दुसरीकडेच जातोय असं निघालं, तर मेहनत वाया जाईल.

जुना_इलेक्ट्रॉनिक्सवाला

मला हे पटत नाही. आत्ता हात गरम आहे, आत्ताच विलंबाच्या मागे लागा. कॅरी आधी कसा काढायचा हे एकदा स्वतः सापडलं की आयुष्यभर विसरत नाही. प्रोसेसर कुठे पळून जातोय?

मांडवीकाठ

विलंबाच्या मागे लागलात तर निदान घड्याळ लावून बसा. मी सांगतेय ना, झोप त्यातच गेली माझी.

वाघोलीकर

दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत आहे. आज वहीत फक्त ४ बिटांचा कॅरी आधी काढून बघतो, लॅपटॉप उघडत नाही. किती गेटं लागली ते उद्या इथे लिहितो.